‘क्ष’ला कुठे बसवायचं

माझ्या सुनेचा प्रबंध लिहून झाला आणि शेवटी राहिली ती संदर्भसूची. संदर्भसूची म्हणजे काय ते मला शिकवू नका. आमचं दुकान विद्यापीठाच्या मागच्या गल्लीत आहे. प्रबंध टाइप करून द्यायचे, छापायचे, बांधायचे, हा आमचा धंदा. माझी शाळा चौथीत सुटली, पण माझ्या हाताखालून प्रबंध इतके गेले, की विद्वान माणूस मी लांबूनच ओळखते. प्रबंध हातात पडला की तो पुढून कधीच उघडत नाही. मागून उघडतो. सूचीत आपलं नाव आहे का ते बघतो, असलं तर किती वर आहे ते बघतो, आणि मग मिटून म्हणतो, "काम चांगलं झालंय हं."

सुनेचं काम खरंच चांगलं होतं. जुन्या वर्तमानपत्रांत औषधांच्या जाहिराती यायच्या, त्यांच्या भाषेवर तिने लिहिलं होतं. केस उगवायचं तेल, भूक लागायची गोळी, सगळं तिने शोधून काढलं. निम्मी पुस्तकं मराठी, निम्मी इंग्रजी. त्यामुळे सूचीही दोन भाषांची.

आणि वेळ मात्र उरला नव्हता. तिच्या नोंदणीची मुदत त्या शुक्रवारी संपत होती. एकदा वाढवून घेतलेली, पुन्हा वाढवून मिळणार नव्हती. शुक्रवारी विद्यापीठाची कचेरी बंद व्हायच्या आत प्रबंध दाखल झाला नाही तर नोंदणी रद्द. म्हणजे सगळी मेहनत रद्दीत. आमच्याकडे रद्दी कमी नाही, पण सुनेचा प्रबंध त्यात घालायची माझी तयारी नव्हती. गल्लीभर मी सांगून बसले होते, की आमच्या घरात डॉक्टर होतेय. औषधवाली नाही, औषधाच्या जाहिरातींवाली.

माझा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, दुकानात कम्प्युटरवर बसतो. त्याला सगळे इंजिनिअर म्हणतात. कॉलेजने म्हटलं नाही, गल्लीने म्हटलं. सोमवारी सून सूची घेऊन बसली तर हा खुर्ची ओढत आला.

"सरक गं. हे काय हाताने करायचं काम आहे? एक कळ दाबायची, सगळं ओळीत."

"अहो, मराठीचा क्रम वेगळा असतो. कळ दाबून मराठी नीट लागेलच असं नाही."

"कम्प्युटर चुकत नाही. माणूस चुकतो."

"तेच म्हणतेय मी."

तो हसला. आपल्यावरचा टोमणा आपल्याला कळला नाही, म्हणजे आपण जिंकलो, असं त्याला लहानपणापासून वाटतं. त्याने काय केलं, तर प्रत्येक मराठी नोंदीच्या पुढे लेखकाचं आडनाव इंग्रजी अक्षरांत घातलं आणि त्या इंग्रजीवरून सगळी सूची लावली. मग इंग्रजी आडनावं पुसून टाकली. कागदावर दिसायला झाली शुद्ध मराठी यादी, पण आत हाडं सगळी एबीसीडीची. सून त्या वेळी शेवटचं प्रकरण तपासत होती. तिने विचारलं, "झालं?" हा म्हणाला, "कधीच."

आता तारेचं स्पायरल लावून प्रत दाखल केली तरी कचेरी घेते. पण माझ्या सुनेचा प्रबंध काय स्पायरलमध्ये जाणार? लोकांच्या पोरींना मी सोनेरी अक्षरांचं कव्हर घालते आणि घरच्या पोरीला तार गुंडाळू? मी स्वतः उभी राहून कापडी पुठ्ठा घातला, पाठीवर नाव उठवलं. बुधवारी ते धूड घेऊन आम्ही दोघी तिच्या मार्गदर्शकांकडे सही घ्यायला गेलो. तिला एकटीला उचललं नसतं म्हणून मी गेले. उगीच कुठे तोंड खुपसायची मला सवय नाही.

मार्गदर्शकांचं आडनाव ‘क्ष’ने सुरू होतं. अख्खं सांगत नाही, माणूस अजून नोकरीत आहे. आम्ही त्यांना क्ष सर म्हणू. त्यांच्या खोलीत दोन कपाटं, दोन्ही त्यांच्याच पुस्तकांनी भरलेली. एकेका पुस्तकाच्या इतक्या प्रती होत्या, की गिऱ्हाईक न आलेल्या दुकानाची मला आठवण झाली.

सरांनी प्रबंध मागून उघडला. बोट सरकत गेलं. आधी त्यांनी स्वतःला शोधलं. सूचीच्या मधोमध कुठेतरी सापडले. मग पान उलटलं, अजून एक उलटलं, आणि सूचीच्या पहिल्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"हा वर कसा?"

"कोण सर?"

"हा!" सरांनी नाव उच्चारलं नाही. बोटानेच दाबलं, ढेकूण दाबावा तसं.

ते नाव ‘ज्ञ’ने सुरू होणाऱ्या दुसऱ्या एका सरांचं होतं. हे ज्ञ सर एके काळी क्ष सरांच्या हाताखाली होते. मग दुसरीकडे गेले, आणि गेल्यावर त्यांनी क्ष सरांच्या पुस्तकावर लेख लिहिला. लेखात एवढंच म्हटलं होतं, की पुस्तकाची छपाई चांगली आहे. तेव्हापासून क्ष सरांना त्यांचं नाव चालत नाही. पण जाहिरातींवर ज्ञ सरांचं काम मोठं, त्यांना वगळून प्रबंध होत नाही. म्हणून ते सूचीत होते. आणि पहिल्या पानावर होते.

"मी तिसऱ्या पानावर आणि हा पहिल्यावर? तुम्ही मराठी विभागात आहात की नाही? वर्णमाला माहीत आहे की नाही?"

सुनेने प्रबंध आपल्याकडे ओढला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो आधी लाल झाला, मग पांढरा. कारण तिला दिसलं ते सरांना दिसलंच नव्हतं. ‘भ’च्या मागून ‘च’ आला होता. ‘च’च्या मागून ‘ड’ आणि ‘द’ एकमेकांच्या पायात पाय घालून. ‘ए’ त्यांच्याही नंतर. ‘क’ आणि ‘ख’ पार मध्यावर. आणि ‘ज्ञ’ला आपण इंग्रजीत लिहिताना ‘डी’ लावतो, म्हणून ज्ञ सर ‘द’वाल्यांच्या बरोबर वर जाऊन बसले. क्ष सर ‘के’मध्ये खाली राहिले. सगळी मराठी पंगत इंग्रजी वाढप्याने बसवलेली. विद्वान माणसाने अख्खी सूची पाहिली, त्यात त्याला दोनच नावं दिसली.

"सर, क्रम चुकलाय. मी पुन्हा लावून आणते," ती म्हणाली.

"आणा. आणि ‘क्ष’ म्हणजे क आणि ष. जोडाक्षर आहे ते. कोशात ‘क’मध्ये येतं. शेवटी टाकू नका मला, शाळेतल्या तक्त्यासारखं."

मला राहवलं नाही. "आम्ही तर शाळेत शेवटीच शिकलो बुवा. ह, ळ, क्ष, ज्ञ."

सरांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "आपण कोण?"

"मी बाइंडिंगवाली. आणि हिची सासू."

"मग बाइंडिंग बघा."

सून मला कोपराने ढोसत होती, म्हणून मी बाइंडिंग बघितलं. माझंच होतं, चांगलं होतं. ते आता फाडायचं होतं.

दुकानात आल्यावर सुनेने आधी बाइंडिंग फाडलं, मग नवऱ्याची खुर्ची गाठली. फाडलेला पुठ्ठा त्याच्यापुढे ठेवला आणि सूचीचं एक पान. तो वाचत गेला.

"अगं, ए बी सी डी बरोबरच आहे की."

"तेच तर चुकलंय."

"मग सरळ मराठीवर लावतो. थांब." आणि त्याने पुन्हा कळ दाबली. त्याचं ते सॉफ्टवेअर जुनं, अक्षरांच्या पोटातल्या नंबरांवर चालणारं. त्याने काय दिलं? इंग्रजी नोंदी सगळ्या आधी, मराठी सगळ्या त्यांच्यामागे. ‘ॲ’ने सुरू होणारं एक नाव बिचारं ‘ह’च्याही पलीकडे जाऊन पडलं, मांडवाबाहेर चपला सांभाळायला बसवल्यासारखं. आणि एकाच लेखकाची पुस्तकं वर्षाप्रमाणे लावायची, तर तीही उलटीसुलटी. कारण काही नोंदींत वर्ष १९८४ असं होतं आणि काहींत 1991 असं. कम्प्युटरच्या लेखी 1 वेगळा आणि १ वेगळा. इंग्रजी आकडेवाली पुस्तकं सगळी आधी, मराठी आकडेवाली नंतर. एका लेखकाची दुसरी आवृत्ती पहिलीच्या आधी जन्मली होती.

"आकडे काय, आत्ता बदलतो," इंजिनिअर म्हणाला, आणि सगळ्या फाइलमधले सगळे इंग्रजी आकडे त्याने एका दणक्यात मराठी केले. इंग्रजी नोंदींतलेसुद्धा. गोऱ्या प्रकाशकाचं पुस्तक, इंग्रजी नाव, इंग्रजी गाव, आणि पुढे वर्ष देवनागरी. कोट-टायवर फेटा.

"उठा," सून म्हणाली.

"अगं पण—"

"अहो, उठा म्हणते ना."

तो उठला. आपला तो बाब्या खरा, पण त्या दिवशी मलाही त्याचा कान धरावासा वाटला.

मग तिने जुनी रीत धरली. सगळ्या नोंदी छापल्या, एकेक कापली. कागद कापायच्या मोठ्या टेबलावर आम्ही चिठ्ठ्या मांडायला बसलो. पंखा बंद केला, नाही तर विद्वान उडाले असते. टेबलाच्या एका टोकाला मराठी, दुसऱ्या टोकाला इंग्रजी. दोन्हींची सरमिसळ नाही. विभागाचं एक नियमपत्रक होतं, ते तिने भिंतीला चिकटवलं. त्यात होतं, की मराठी नोंदी आधी, आपल्या क्रमाने. इंग्रजी नंतर, आपल्या क्रमाने. मराठी नोंदींत आकडे देवनागरी, इंग्रजी नोंदींत इंग्रजी, वर्ष असो की पानं असोत. आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ शेवटी घ्या किंवा त्या त्या अक्षराखाली घ्या, जे कराल ते सूचीच्या माथ्यावर लिहा आणि शेवटपर्यंत तेच पाळा.

"हे बरंय," मी म्हटलं. "म्हणजे कुठूनही जा, पण वाटेत वळू नका."

"हो आई. आणि सरांना ‘क’मध्ये हवंय, तर तसंच करू. बिघडत नाही. कोशांत असतंच."

मी मराठी बाजूला बसले. अ, आ, इ, ई करत चिठ्ठ्या लावत गेले. ‘ॲ’ला तिने ‘ए’शेजारी स्वरांत आणून बसवलं. ‘क’ची चळत माझ्याकडे होती, ती मी बाराखडीने लावली, का, कि, की, कु, कू. झकास. तिने एकही चिठ्ठी हलवली नाही. मग ‘श’ आला. ‘श्र’ने सुरू होणारं एक आडनाव होतं. ते मी उचलून अगदी शेवटी ठेवलं. आमच्या वेळच्या तक्त्यावर ‘श्र’ तिथे, खालच्या ओळीत होता, शेजारी श्रीफळाचं चित्र.

सुनेने ती चिठ्ठी उचलली आणि ‘शौ’च्या मागे ठेवली.

"का गं?"

"श्र म्हणजे श आणि र, आई. आधी श-च्या सगळ्या मात्रा, मग त्याची जोडाक्षरं."

"आमच्या तक्त्यावर शेवटी होता."

"तक्त्यावर जागा शिल्लक होती म्हणून असेल."

एवढ्यावर मी गप्प बसले असं समजू नका. मी ती चिठ्ठी पुन्हा शेवटी ठेवली. तिने पुन्हा उचलली. तिसऱ्यांदा मी हात पुढे केला तर ती म्हणाली, "आई, तुम्हाला सही कुणाची हवीय, माझ्या प्रबंधावर की तुमच्या तक्त्यावर?" सुनेच्या जिभेला धार आहे. कुठल्या घरात लागली ते मी सांगायला नको. चिठ्ठी ‘शौ’च्या मागेच राहिली.

आता ‘क्ष’ची चळत. क्ष सरांची पुस्तकं किती, तर एका माणसाची चळत उभी राहील एवढी. ती ‘क’च्या सगळ्या मात्रांनंतर, ‘कौ’च्याही मागे, ‘क’च्या जोडाक्षरांत गेली. पुस्तकं वर्षाप्रमाणे, सगळे आकडे देवनागरी. आणि ज्ञ सरांच्या चिठ्ठ्या सुनेने ‘ज’च्या शेवटी नेऊन ठेवल्या.

"अगं, हे काय करतेस? तो माणूस पेटेल."

"‘क्ष’ला ‘क’मध्ये घेतलं तर ‘ज्ञ’ला ‘ज’मध्ये घ्यावंच लागतं. एकाला कोशातला न्याय आणि दुसऱ्याला तक्त्यावरचा, असं नाही चालत."

"तुझ्या सरांना एकालाच न्याय हवाय."

"मग कचेरी परत करेल, शुक्रवारी. मग काय करू?"

खरं होतं ते. सरांचं ऐकावं तर कचेरीत अडकतं, नियमाचं ऐकावं तर सरांकडे अडकतं. जात्याच्या दोन दगडांमध्ये पोरगी सापडलेली. मी म्हटलं, "एक काम करू. ज्ञ सरांना काढूनच टाकू."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आई, त्यांच्या पुस्तकावर माझं अख्खं दुसरं प्रकरण उभं आहे."

"मग बारीक टाइपात छापू."

ती हसली, पण डोळे भरलेले होते. त्या आठवड्यात ती तेवढीच हसली.

सूची टाइप झाली. इंजिनिअरने केली, पण चिठ्ठ्यांवरून, एकही कळ जास्तीची न दाबता, बायको डोक्यावर उभी असताना. सूचीच्या माथ्यावर ओळ घातली: ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ ही जोडाक्षरे अनुक्रमे ‘क’ आणि ‘ज’ या अक्षरांखाली घेतली आहेत, मराठी नोंदींत देवनागरी व इंग्रजी नोंदींत इंग्रजी अंक वापरले आहेत. या वेळी पुठ्ठ्याचं नाव मी काढलं नाही. तार घातली. नाकापेक्षा मोती जड करायला वेळ नव्हता.

शुक्रवारी दुपार कलल्यावर आम्ही पुन्हा त्या खोलीत. सर खुशीत होते. बाहेर कुणाशी तरी बोलून आले होते, स्वतःविषयी असणार. प्रबंध हातात घेतला, मागून उघडला. पहिल्याच पानाच्या खालच्या अंगाला त्यांचं नाव आणि त्याखाली पुस्तकांची माळ. चेहरा उजळला. सुनेला वाटलं, झालं. मला नाही वाटलं. मी बोटाकडे बघत होते. बोट थांबलं नव्हतं. ते शेवटच्या मराठी पानावर गेलं, खालपर्यंत गेलं, ‘ह’वर टेकलं आणि घुटमळलं.

"तो कुठाय?"

"‘ज’मध्ये आहेत सर. आपल्यानंतर पुष्कळ खाली."

"त्याला शेवटी टाका."

"सर, मग आपल्यालाही शेवटी घ्यावं लागेल. दोघे शेजारी याल."

"शेजारी?" सर खुर्चीत मागे झाले. "मी ‘क’मध्ये. तो शेवटी. सोपं आहे."

"नियमपत्रकात एकच पद्धत धरा असं आहे, सर. कचेरी परत करेल. आज शेवटचा दिवस आहे."

"मार्गदर्शक मी आहे की नियमपत्रक?" आणि त्यांनी पेनाचं टोपण लावलं. सावकाश, आम्हाला ऐकू येईल असं.

मी इतका वेळ तोंडावर हात ठेवून बसले होते, तो काढला. "अहो सर, घरात मोठा भाऊ पाटावर बसला तर धाकट्याला उंबऱ्याबाहेर बसवतात का? त्यालाही पाट लागतोच."

"तो माझा भाऊ नाही!"

"नाही ना? मग एवढं मनाला का लावून घेता?"

सर ताडकन उठले. झालं, माझ्यामुळे काम आणखी बिघडलं. सून म्हणाली, "आई, तुम्ही जरा बसा," आणि ते तिने अशा आवाजात म्हटलं, की मी उभी नसूनही बसले.

मग तिने पर्समधून स्वतःचं पेन काढलं, एक कोरा कागद घेतला आणि सरांच्या टेबलावर, सरांच्या समोरच लिहायला लागली.

"काय चाललंय?" सर म्हणाले.

"सूचीच्या माथ्यावरची टीप बदलते, सर. आपण म्हणता तसंच करू. पद्धत कोणतीही असो, ती माथ्यावर छापावी लागते, तरच कचेरी बघेल तरी." ती लिहीत होती आणि मोठ्याने वाचत होती. "‘क्ष’ हे अक्षर ‘क’खाली घेतले आहे. ‘ज्ञ’ हे अक्षर मात्र ‘ज’खाली न घेता शेवटी घेतले आहे. असा भेद मार्गदर्शकांच्या सूचनेवरून केला असून त्याचे कारण..." तिने मान वर केली. "कारण काय लिहू, सर?"

सरांनी टोपण लावलेलं पेन या हातातून त्या हातात घेतलं.

"कारण द्यायची काय गरज?"

"परीक्षक विचारतील. बाहेरून येणार आहेत. ते मला विचारण्यापेक्षा छापलेलंच बरं. शास्त्रीय कारण असेल तर आपणच सांगा, मी शब्दशः घेते. आपलं नाव घालून."

सर खिडकीकडे गेले. खिडकीतून काही दिसत नव्हतं, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती. तिच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. शास्त्रीय कारण भिंतीवर लिहिलेलं असतं तर बरं झालं असतं, नाही का? मला हसू येत होतं. पण सुनेकडे पाहिलं तर ती मनगटावरचं घड्याळ बघत होती. तिने सगळं या एका प्रश्नावर लावलं होतं. सर म्हणाले असते ‘लिहा’, तर काय करणार होती? सूची बदलायला, छापायला, पुन्हा तार घालायला वेळ कुठे होता? मी तिला नंतर विचारलं, तर म्हणाली, "काहीच ठरवलं नव्हतं, आई."

सर वळले. "बाहेरून कोण येतंय?"

कचेरीत कानावर पडलेलं एक नाव तिने सांगितलं. सरांच्या मिशा एका बाजूने खाली गेल्या. बहुतेक सरांचं या परीक्षकांशीही पटत नव्हतं.

"तो प्रत्येक ओळ वाचतो," सर स्वतःशीच पुटपुटले. मग आमच्याकडे बघून मोठ्याने, "माझं म्हणणं एवढंच होतं, की पद्धत एकच असावी. काटेकोरपणा महत्त्वाचा. तुम्ही आहे तशी ठेवलीत, उत्तम. मी बघत होतो, तुम्ही आपल्या पद्धतीला धरून राहता की नाही."

बघा! आपटलेला माणूस उठताना म्हणतो, मी जमीन तपासत होतो.

"हो सर," सून म्हणाली. तिने तो कागद दुमडून पर्समध्ये टाकला. सरांनी टोपण काढलं आणि सही केली. सहीखाली तारीख घातली. ‘विद्यार्थिनीने क्रमाबाबत विशेष काळजी घेतली आहे’ अशी एक ओळही स्वतःहून खरडली.

बाहेर पडताना मी म्हटलं, "येते हं सर. बाइंडिंग बघायचंय."

जिना उतरताना सून पळत होती आणि मी माझ्या गुडघ्यांना शिव्या देत तिच्या मागे. प्रबंधांची कचेरी तळमजल्यावर, लांबच्या टोकाला. तिथल्या बाई टेबल आवरायला लागल्या होत्या. पाण्याची बाटली पिशवीत गेली होती, छत्री खांद्याला लागली होती. सुनेने प्रबंध पुढे ठेवला. बाईंनी छत्री काढली नाही, तशाच उभ्याने पानं उलटली. सहीचं पान, प्रमाणपत्र, पान क्रमांक. मग सूची. त्यांनी माथ्यावरची टीप वाचली, मग ‘क’च्या शेवटी गेल्या, मग ‘ज’च्या शेवटी. मग इंग्रजी नोंदींवरून एक नख रंगवलेलं बोट सरसर खाली गेलं, आकड्यांच्या बाजूने. कुठे अडलं नाही.

"या विभागाची सूची एकदाही धड येत नाही," बाई म्हणाल्या. "‘क्ष’ एकीकडे, ‘ज्ञ’ भलतीकडे. सरांच्या विद्यार्थ्यांचं तर नेहमीच. तुमचं कसं काय जमलं?"

"सरांनी मार्गदर्शन केलं," सून म्हणाली. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मला खोकला आला.

शिक्का उठला. तो आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं, की मी तिथल्या बाकावर न विचारता बसले. बाईंनी पावती फाडली, त्यावर नाव लिहिलं, विषय लिहिला, तारीख घातली आणि पुढे सरकवली.

सुनेने पावती घेतली. जायला वळली. दोन पावलं गेली आणि थांबली. पावतीकडे बघत राहिली. मी उठून तिच्या खांद्यावरून पाहिलं. बाईंनी दिवस आणि महिना मराठी आकड्यांत लिहिला होता आणि वर्ष इंग्रजीत.

"चल गं," मी म्हटलं. "चल घरी. झालंय सगळं."

"एक मिनिट, आई."

"अगं, दाखल झालाय प्रबंध! शिक्का बसलाय! आता कशाला त्या बाईच्या नादी लागतेस?"

पण ती टेबलाशी परत गेली होती. पावती तिने बाईंपुढे ठेवली, अगदी हळू, नम्रपणे, आणि बोट तारखेवर टेकवलं.

"बाई, तेवढे आकडे एकसारखे करून देता?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, खांद्यावरची छत्री काढून टेबलावर ठेवली आणि पेन शोधायला खण उघडला.